मदत हवी आहे: 'फक्त' असलेलं वाक्य लोक 'चूक' का म्हणताहेत?

वाक्यवेडी:
भाषाविज्ञानाच्या प्रकल्पासाठी चित्र दाखवून वाक्य बरोबर की चूक एवढंच विचारते आहे.

(क) मीनाने फक्त राजूला पेढा दिला.
(ख) मीनाने राजूला फक्त पेढा दिला.

चित्रात मीनाने राजूला पेढा आणि लाडू दोन्ही दिलेत, अनूला काहीच नाही. माझ्या हिशेबाने (क) बरोबर आणि (ख) चूक. पण बरेच जण (क)लाही चूक म्हणतात. सगळे मोठे आहेत, मातृभाषा मराठी. चित्र बदलू की वाक्य? पुढे 'सुद्धा'ची वाक्यंही घालायची आहेत.

मुद्रितशोधक:
'फक्त राजूलाच' असं लिहिलेलं आमच्याकडे रोज येतं. फक्त आणि च एकत्र म्हणजे द्विरुक्ती, मी एक काढून टाकतो. तुमच्या वाक्यात च नाही, म्हणजे ती शुद्धच आहेत. मग अडचण काय?

अर्थात:
प्रश्न शुद्धतेचा नाही, पण च वर परत येऊ.

वाक्यवेडी, लोक चुकत नाहीयेत. 'फक्त' उरलेलं वाक्य, म्हणजे 'मीनाने राजूला पेढा दिला', खरं धरून चालतं आणि त्याच्या जागी येऊ शकणारी बाकीची वाक्यं खोटी ठरवतं. ती बाकीची कोणती, हे फोकसवरून, म्हणजे वाक्यात भर कशावर आहे त्यावरून ठरतं. फोकस 'राजूला'वर असेल तर पर्याय 'अनूला पेढा दिला'. ते चित्रात खोटं आहे, म्हणून (क) बरोबर. पण 'राजूला पेढा दिला' हा अख्खा तुकडा फोकसमध्ये घेतला, तर पर्यायांत 'राजूला लाडू दिला' हेही येतं. ते खरं आहे, म्हणून (क) चूक. छापील वाक्यात आघात दिसत नाही, तेव्हा वाचणारा स्वतःच निवड करतो. पर्यायांवर अर्थ उभा करण्याची ही मांडणी भाषाशास्त्रज्ञ मॅट्स रूथ यांच्या 1985च्या प्रबंधातली आहे.

खरंच असं होतंय का हे तपासायला एक चित्र वाढवा: राजूला पेढा, अनूला लाडू. अरुंद फोकसने, म्हणजे भर एकाच शब्दावर असेल तर, (क) आणि (ख) दोन्ही बरोबर ठरतात, कारण अनूला पेढा नाही आणि राजूला लाडू नाही. रुंद फोकसने, म्हणजे भर अख्ख्या तुकड्यावर असेल तर, (क) चूक, कारण मीनाने अनूला लाडू दिलाय. इथे 'चूक' म्हणणारेच तुमच्या पहिल्या चित्रात (क)ला चूक म्हणत असतील, तर निदान पक्कं.

उपाय म्हणजे वाक्याआधी प्रश्न छापा. (क)च्या आधी 'मीनाने कोणाला पेढा दिला?' आणि (ख)च्या आधी 'मीनाने राजूला काय दिलं?' प्रश्नाने फोकसची जागा बांधली जाते.

ओसरी:
सोपी युक्ती: वाक्य नकारार्थी करून बघा. 'मीनाने फक्त राजूला पेढा दिला नाही' म्हटलं की 'फक्त'ने नेमकं काय सांगितलं होतं ते उलटं होऊन समोर येतं.

अर्थात:
कल्पना बरोबर, वाक्य चुकीचं. ते ऐकल्यावर पहिला अर्थ लागतो तो 'बाकी सगळ्यांना मिळाला, राजू तेवढा राहिला'. म्हणजे नकार 'फक्त'च्या आत शिरला. तो बाहेर ठेवायचा तर 'मीनाने फक्त राजूला पेढा दिला असं नाही' म्हणा. इथे आणखी कोणाला तरी मिळाला असं कळतं, पण राजूला मिळाला हे तसंच टिकतं. हा भाग नकाराने हलत नाही.

'सुद्धा'ला मात्र बरोबर-चूक हा साचाच चालणार नाही. पेढा एकट्या राजूला मिळालाय आणि वाक्य आहे 'मीनाने राजूलासुद्धा पेढा दिला'. वाक्यात सांगितलेली गोष्ट खरी आहे. फसतं ते त्याआधीचं गृहीत: आणखी कोणाला तरी मिळालेला असणं. 'राजूलासुद्धा' म्हणजे 'ज्याला मिळेल असं वाटलंच नव्हतं त्यालाही' असा अर्थ घेतला, तर राजू सगळ्यांत अनपेक्षित असायला हवा, आणि ते चित्रात दाखवता येत नाही, आधी दोन ओळी सांगाव्या लागतात. अशा वेळी काही जण बरोबर म्हणतील, काही चूक, आणि आकडे निरुपयोगी होतील. 'या प्रसंगात हे वाक्य शोभतं का' असं विचारून 1 ते 5 गुण घ्या.

वाक्यवेडी:
प्रश्न छापते. पण 'फक्त राजूलाच' लिहिलं तर प्रश्नाशिवाय भागेल का? च तर शब्दालाच चिकटतो.

अर्थात:
बऱ्यापैकी. रुंद वाचन त्याने जवळजवळ बंद होतं, म्हणून या कामापुरती ती द्विरुक्ती नाही. नुसता च मात्र 'फक्त'च्या जागी घालू नका. 'दिलाच' मध्ये तो कोणाला वगळत नाही, 'दिल्याशिवाय राहिली नाही' असं सांगतो.

ओसरी:
'राजूलाच दिला' मध्येही वगळणं नेहमी नसतं. 'कोणाला दिला, राजूला ना?' 'हो, राजूलाच.' अनूलाही मिळाला असेल तर हे उत्तर खोटं म्हणाल?

अर्थात:
मी खोटं म्हणेन, पण माझ्याइतक्याच जाणकार लोकांना ते चालतं. दोघांना पेढा मिळाल्याचं चित्र घालून वेगळं विचारा, 'फक्त'च्या आकड्यांत ते मिसळू नका.