गणिताचे मराठी शब्द ठेवायचे की सोडायचे?

आठवीची आई
मुलगी सातवीपर्यंत मराठीतून शिकली, यंदापासून गणित इंग्रजीतून आहे. आकडेमोड पक्की आहे, पण शाब्दिक उदाहरणांत अडते. घरी शिकवताना मराठी शब्द वापरत राहू, की बंद करून फक्त इंग्रजीच ठेवू?

सरळरेषा
बंद करा. पेपर इंग्रजीत येणार, मग मनातल्या मनात भाषांतर करण्यात वेळ का घालवायचा? मी स्वतः असाच बदल केला. पहिले काही महिने जड गेले, नंतर सवय झाली. एक यादी करून भिंतीवर लावा: लेस म्हणजे वजाबाकी, मोअर म्हणजे बेरीज, ऑफ म्हणजे गुणाकार. शाब्दिक उदाहरणांत हे चार-पाच शब्द ओळखता आले की निम्मं काम झालं.

मूळची मराठी
मुळात माध्यम बदललंच कशाला? मातृभाषेतून शिकलेलं कायम टिकतं. आधी तो निर्णय फिरवता येतो का बघा.

आठवीची आई
ते ठरून गेलंय हो, आता पुढचं बघायचंय. सरळरेषा, ती यादी आमच्याकडे आहेच, शिकवणीतून मिळाली. कालचं गणित सांगते: "फाइव्ह लेस दॅन थ्राइस अ नंबर इज सिक्स्टीन." तिने लिहिलं 5 − 3x = 16 आणि उत्तर काढलं −11/3. पायऱ्या सगळ्या बरोबर.

फळ्याजवळ
ताई, ही चूक त्या यादीतूनच आली आहे. तिने लेस पाहिलं, वजाचं चिन्ह काढलं आणि शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने लिहीत गेली. आता हेच तिला मराठीत विचारा: एका संख्येच्या तिपटीपेक्षा 5 ने कमी म्हणजे 16. बहुतेक ती लगेच 3x − 5 = 16 लिहील आणि 7 काढेल. मराठीत तिप्पट आधी येते आणि 5 नंतर, म्हणजे वाक्य ज्या क्रमाने चालतं त्याच क्रमाने समीकरण. इंग्रजीत 5 पुढे उडी मारून बसतो. "सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम ट्वेल्व्ह" मध्येही 7 आधी ऐकू येतो, आपण मात्र 12 मधून 7 म्हणतो.

म्हणजे तिची संकल्पना शाबूत आहे, वाक्याची घडी तेवढी उलटी पडली. मराठी बंद केलंत तर हा फरक तुम्हाला कळणारच नाही. तुम्ही तिला पुन्हा समीकरणं शिकवत बसाल आणि तिला वाटेल, आपल्याला गणितच येत नाही.

यादीचं म्हणाल तर हे बघा: रवीकडे मीनापेक्षा 5 गोट्या कमी आहेत, रवीकडे 16 आहेत, तर मीनाकडे किती? वाक्यात कमी आहे, करायची आहे बेरीज.

सरळरेषा
यादीबद्दलचं मान्य, गोट्यांचं उदाहरण बिनतोड आहे. पण मराठी शब्दच नेहमी स्वच्छ असतात असं समजू नका. समभुज चौकोनाचे कर्ण 6 आणि 8, बाजू किती? चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, म्हणून 3 आणि 4 बाजूंचा काटकोन त्रिकोण मिळतो आणि त्याचा कर्ण 5. आता बघा, चौकोनाचा कर्णही कर्ण, त्रिकोणाचा कर्णही कर्ण, आणि इथे त्रिकोणाचा कर्ण म्हणजे चौकोनाची बाजू! मी शाळेत इथे किती गोंधळलो होतो. डायगोनल आणि हायपोटेनस असे दोन शब्द हाती आले तेव्हा कुठे गाठ सुटली. म्हणून म्हणतो, नवे शब्द त्यांच्या पायावर उभे राहू द्या.

फळ्याजवळ
हा मुद्दा मी वर्गातही वापरतो, अगदी बरोबर आहे. पण तो उलटाही चालतो. त्रिकोणाची मध्यगा आणि सांख्यिकीतला मध्यक, इंग्रजीत दोन्हींना मीडियनच. आकृतीतला चौरस आणि संख्येचा वर्ग, दोन्ही स्क्वेअर. एका भाषेत जिथे दोन शब्द आहेत तिथे दुसरीत एकच निघतो. म्हणून डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी अशी वही करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या वहीत कर्णापुढे डायगोनल लिहिलं की हायपोटेनसला जागाच उरत नाही.

वहीत एका पानावर एकच कल्पना असू द्या. मधोमध आकृती. समभुज चौकोन काढायचा, दोन्ही कर्ण रंगीत, चार छोट्या त्रिकोणांपैकी एक गिरवलेला. प्रत्येक रेषेवर तिचं मराठी नाव आणि इंग्रजी नाव. मग खाली मुलीने स्वतःच्या शब्दांत एक पूर्ण इंग्रजी वाक्य लिहायचं, कारण परीक्षेत वाक्यच वाचायचं असतं. दुसऱ्या दिवशी तिने आकृती झाकून तेच मराठीत सांगायचं. सांगता आलं नाही तर इंग्रजी वाक्य पाठ झालंय, समजलेलं नाही.

चूक कुठली हे ओळखायला ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांची 1977 मधली रीत मला अजून उपयोगी वाटते. मुलाला चुकलेलं उदाहरण पुन्हा देऊन क्रमाने विचारायचं: वाचून दाखव, काय विचारलंय ते सांग, कसं सोडवशील ते सांग, सोडवून दाखव, उत्तर लिही. कुठल्या पायरीवर पाय अडकतो ते दिसतं. वाचताना किंवा काय विचारलंय हे सांगताना अडलं तर भाषा. सोडवताना अडलं तर गणित. मधली पायरी, वाक्याचं समीकरण करण्याची, तिथे दोन्ही असू शकतं, आणि तिथेच तो मराठी प्रश्न टाकायचा.

अ‍ॅट मोस्ट
माझा मुलगा असमानतेत असाच अडकला. "अ‍ॅट मोस्ट फाइव्ह" वाचून मोस्ट म्हणजे जास्त, म्हणून x ≥ 5 लिहायचा. मी त्याला "जास्तीत जास्त 5" म्हणजे कोणते आकडे चालतील ते विचारलं. तो भराभर 5, 4, 3 सांगत गेला आणि मग स्वतःच चिन्ह खोडलं. पण एक सांगते, तोंडाने इंग्रजीत तर्क मांडायला तो वर्षभर घाबरत होता. वही छान, वर्गात मात्र गप्प. घरी आम्ही मराठीतच बोललो म्हणून तसं झालं का, हे मला आजही कळलेलं नाही.

सरळरेषा
माझी भीती हीच आहे. मराठीचा आधार कधी काढायचा हे कुणी सांगत नाही.

फळ्याजवळ
त्याला तारीख देता येत नाही. मी शब्दागणिक बघतो. ज्या शब्दाचं इंग्रजी वाक्य मूल स्वतः बनवतं आणि त्यावरून आकृती काढतं, त्याचं मराठी मी वर्गात थांबवतो. मूल गप्प बसत असेल तर शब्द सोडा, दोन मिनिटं बाकावरच्या जोडीदाराशी हव्या त्या भाषेत बोलू द्या आणि नंतर इंग्रजीत एकच वाक्य मागा. तेही सगळ्यांना जमतं असं नाही.

आठवीची आई
आत्ताच विचारलं. मराठीतून 3x − 5 लगेच आलं. मग तिनेच इंग्रजी वाक्याखाली बोट ठेवलं आणि विचारलं, "आई, मग 'फाइव्ह इज लेस दॅन' आणि 'फाइव्ह लेस दॅन' यात तो इज कुठे गेला?" आता बसलोय दोघी. इज असलं की 5 < 3x, नसलं की 3x − 5. हे तिच्या वहीचं पहिलं पान.