चूक सगळ्या बाजूंत वाटून टाकण्याआधी प्रत्येक बाजू तपासा

> 'होकायंत्र आणि साखळीने शेत मोजलं. पाचव्या बाजूनंतर नकाशा पहिल्या खुंटीवर मिळत नाही, १.६ मीटर बाहेर जातो. सगळी चूक शेवटच्या बाजूत घालू का?'

नको, त्याने एकच बांध वाकडा होईल. आधी प्रत्येक बाजूचं बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावर उत्तरेपासून मोजलेला कोन, पुढचं आणि मागचं असं दोन्ही टोकांवरून ताडून पाहा, फरक बरोबर १८०° यायला हवा. करवीर तालुक्यात आमचा ऊस मोजताना एका बाजूचं पुढचं ७४°३०′ आलं आणि मागचं २५६°. मागची खुंटी विहिरीवरच्या मोटरीच्या लोखंडी पाइपाशेजारी होती! त्या खुंटीवरच्या सगळ्या बेअरिंगांतून १°३०′ वजा केले. असा दोष वाटून जात नाही, तो आधी काढावाच लागतो.

त्यानंतरही १.६ मीटर उरले, तर बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटा. समजा बाजू १२०, ८०, १००, ९०, ९० मीटर, म्हणजे एकूण ४८०. चूक ३०० ला १ पडते, होकायंत्र-साखळीला चालण्याजोगी. नकाशावर दुसरी खुंटी ०.४०, तिसरी ०.६७, चौथी १.००, पाचवी १.३० मीटर सरकवा. शेवटचा बिंदू पूर्ण १.६० सरकून पहिल्यावर बसेल. सगळ्या खुंट्या एकाच दिशेला सरकतात, चुकलेल्या टोकाकडून खऱ्या खुंटीकडे. नकाशावर त्या रेघेला समांतर रेघा मारल्या की झालं.

साखळीची एक अख्खी लांबी मोजायची राहिली असेल, तर चूक वीस-तीस मीटरची दिसते. तेव्हा वाटप करू नका, ती बाजू पुन्हा मोजा.