अनुभव धागा : वारंवार होणारी खाज, घट्ट पांढरा स्राव आणि यीस्ट ही बुरशी की बीव्ही, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस हा जंतूंमुळे होणारा त्रास, हा प्रश्न

शमिका
वसतिगृहात राहणाऱ्या भाचीचा काल फोन आला. तिला खाज आणि घट्ट पांढरा स्राव असा त्रास होत होता, आणि औषधांच्या दुकानातून तिला एक किट मिळाले होते, ज्यात बुरशीवरची एक गोळी आणि जंतूंवरच्या इतर गोळ्या एकत्र असतात. ते घ्यावे का, असे ती विचारत होती. माझे स्वतःचे ते वर्ष त्यामुळे आठवले, म्हणून हा धागा काढते आहे.

मला पाळीच्या आधीच्या आठवड्यात असह्य खाज सुटत असे, लघवी करताना बाहेरच्या त्वचेची आग होई आणि दह्याच्या चोथ्यासारखा स्राव जात असे. वास मात्र जवळजवळ नसे. किट घेतले की काही दिवस बरे वाटायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी, गोळी लिहून देण्याआधी, आतून तपासणी केली, योनीच्या भिंतीवरचा स्राव पट्टीवर लावून आम्लता पाहिली आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पट्टीचा आकडा 4 आला आणि काचपट्टीवर बुरशीचे धागे दिसले, म्हणजे ते यीस्टच होते. मग कल्चर करून, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून, प्रकार निश्चित केला आणि रक्तातील साखर तपासली, ती ठीक निघाली.

उपचार असा होता : बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलची 150 मिलिग्रॅमची गोळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, आणि त्यानंतर आठवड्यातून एक, सहा महिने. किटमधली एकच गोळी मला का पुरत नव्हती, हे तेव्हा कळले. वर्षात तीन किंवा अधिक वेळा हा त्रास झाला तर तो वारंवार होणारा प्रकार मानतात आणि त्याचा उपचारही लांबचा असतो. आपापले अनुभव लिहावेत.

अबोली_१२
माझ्या आईने शिकवलेला नियम सोपा आहे : खाज असेल तर यीस्ट, वास असेल तर बीव्ही. मी आजवर यावरूनच औषध आणते.

काचपट्टी
अबोली, नियम बऱ्यापैकी बरोबर आहे, पण त्यावर औषध आणणे तितकेसे सुरक्षित नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बीव्हीमध्ये स्राव सहसा पातळ, करडा-पांढरा आणि सगळीकडे सारखा पसरलेला असतो. त्याला मासळीसारखा वास येतो आणि संबंधानंतर तो वाढतो. तिथे नेहमीच्या लॅक्टोबॅसिलस जंतूंची जागा इतर जंतू घेतात, त्यामुळे आम्लता कमी होते. आम्लता कमी झाली की पट्टीचा आकडा वाढतो, म्हणून तिथे साडेचारच्या वरचा आकडा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडा जंतूंनी झाकून अस्पष्ट झालेल्या दिसतात. यीस्टमध्ये आम्लता सहसा नेहमीसारखीच राहते, म्हणून शमिकाताईंचा 4 हा आकडा महत्त्वाचा होता.

आता अडचणी सांगते. काहींना दोन्ही एकाच वेळी असतात. बीव्हीतही थोडी खाज सुटू शकते. ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीमुळे खाज आणि वास दोन्ही होतात, आणि तो आजार जोडीदाराकडून येत असल्याने दोघांनाही उपचार घ्यावे लागतात. पट्टीचा आकडाही फसवू शकतो, कारण पाळीचे रक्त किंवा वीर्य असेल तर तो उगाच वर जातो. शिवाय काहीच त्रास नसलेल्या अनेक स्त्रियांच्या योनीत थोडे यीस्ट असतेच, त्यामुळे नुसते कल्चर पॉझिटिव्ह आले म्हणजे आजार असे नव्हे. लक्षणे आणि काचपट्टी एकत्रच वाचावी लागतात.

मेघना_सा
दोन पाळ्यांच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा, स्वच्छ स्राव जातो. खाज नाही, वास नाही. त्यासाठीही मला फ्लुकोनाझोल घ्यावी लागेल का?

शमिका
मेघना, तुम्ही लिहिलेला स्राव अंडविमोचनाच्या काळातला नेहमीचा आहे. त्याला कोणतेही औषध नको.

सोनचाफा
आमच्या घरी सासूबाईंचे उदाहरण आहे. वय साठीच्या पुढे, मधुमेह जुना. डॅपाग्लिफ्लोझिन सुरू झाल्यानंतर खाज सुरू झाली, आणि आम्ही सगळे साबण, पॅड, पाणी यांनाच दोष देत बसलो. या गोळीमुळे जादा साखर लघवीवाटे बाहेर पडते, आणि तीच साखर बाहेरच्या त्वचेवर बुरशीला खाद्य ठरते. मधुमेहाच्या डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी आधी बुरशीवरचा उपचार पूर्ण केला आणि मग दुसरे औषध द्यायचे की हेच ठेवायचे यावर चर्चा केली. गोळी परस्पर बंद करू नका, असे त्यांनी बजावले होते. मधुमेह असलेल्या प्रत्येकीने हा संबंध लक्षात ठेवावा.

अबोली_१२
वाचून विचारात पडले. मी प्रत्येक वेळी बाहेरून एक मलमही लावते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, म्हणजे ते यीस्टच असणार ना?

काचपट्टी
त्या मलमाच्या डब्यावर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन असे काही लिहिले आहे का ते पाहा. हे स्टेरॉइड आहे. ते खाज कशामुळेही असली तरी दाबते, त्यामुळे खाज थांबली यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट बुरशी आतून वाढत राहते, आणि तिथली नाजूक त्वचा दीर्घकाळ लावल्यास पातळ होते. लायकेन स्क्लेरोसससारख्या त्वचारोगात डॉक्टर ते मुद्दाम देतात, पण तो निर्णय त्वचा पाहून होतो.

पाचव्या_महिन्यात
मला सध्या दिवस आहेत आणि अगदी शमिकाताईंसारखीच लक्षणे आहेत. घरात फ्लुकोनाझोलची गोळी शिल्लक आहे. घेतली तर चालेल का? डॉक्टरांची वेळ परवाची आहे.

शमिका
कृपया घेऊ नका. गरोदरपणात तोंडाने घ्यायची ती गोळी सहसा टाळतात आणि क्लोट्रिमॅझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या साधारण सात रात्री देतात. परवापर्यंत थांबता येत असेल तर थांबा, पण ताप, पोटात दुखणे, पाणी जाणे किंवा रक्त दिसणे यांपैकी काही झाले तर आजच जा.

गौरी_नाशिककर
माझी बाजू उलट आहे, मला बीव्ही होते. मेट्रोनिडाझोल दिवसातून दोनदा, सात दिवस घेतली की वास जातो आणि काही आठवड्यांनी परत येतो. पतीला औषध द्यावे का, यावर दोन डॉक्टरांनी दोन वेगळी उत्तरे दिली.

काचपट्टी
गौरी, गोंधळ खरा आहे. यीस्टसाठी, जोडीदाराला त्रास नसेल तर, त्याचा उपचार सहसा करत नाहीत. बीव्हीसाठीही पूर्वी हेच सांगत. मात्र 2025 मध्ये ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात एकाच जोडीदारासोबत राहणाऱ्या स्त्रियांच्या जोडीदारांना तोंडाने मेट्रोनिडाझोल आणि शिश्नावर लावायला क्लिंडामायसिन मलम असे दोन्ही एकाच वेळी दिले, आणि बीव्ही परतण्याचे प्रमाण कमी झाले. आधीच्या अभ्यासांत नुसत्या गोळ्यांनी फरक पडला नव्हता. सगळे डॉक्टर अजून तसे देत नाहीत, त्यामुळे दोन्ही उत्तरे ऐकायला मिळतील.

सोनचाफा
गौरी, आतून पाण्याने धुता का? माझी नणंद रोज धूत असे आणि तिचाही वास परतत असे. बंद केल्यावर फरक पडला, पण त्याच काळात तिने औषधही घेतले होते, त्यामुळे श्रेय कशाला द्यावे ते मला सांगता येत नाही.

गौरी_नाशिककर
धुते, कारण वास आला की राहवत नाही. बंद करून पाहीन.

शमिका
काचपट्टी, भाचीला उद्या तपासणीसाठी पाठवते आहे. नमुना देण्याआधी तिने काय सांभाळावे?

काचपट्टी
तिने ते किट घेतले नसेल तर उत्तम, कारण औषध सुरू झाल्यावर काचपट्टीवर काही दिसेलच असे नाही. योनीत ठेवायची गोळी किंवा मलम वापरले असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. आदल्या दिवशी संबंध टाळावा, आतून धुऊ नये, आणि पाळी सुरू असेल तर ती थांबल्यावर जावे. नुसत्या वर्णनावरून औषध लिहून दिले, तर स्रावाची आम्लता आणि काचपट्टी पाहता येईल का, असे तिने स्पष्ट विचारावे.