मदत हवी आहे: प्रकरणाच्या मोठ्या आद्याक्षराची शिरोरेषा ओळीला जुळत नाही

मजकूर_मांडणी (सोलापूर)

नमस्कार. सोलापुरातील एका निवृत्त विणकर काकांच्या हातमागावरील आठवणींच्या पुस्तकाची मांडणी मी इनडिझाइनमध्ये करीत आहे. मजकूर 12 पॉइंटांत असून दोन ओळींतील अंतर 18 पॉइंट आहे. प्रत्येक प्रकरणाचे पहिले अक्षर तीन ओळींएवढे मोठे हवे आहे. Drop Caps वापरून पहिल्या प्रकरणातील ‘माग’ या शब्दाचा ‘मा’ मोठा केला, तेव्हा त्याचा पाय तिसऱ्या ओळीच्या पायाशी नीट बसला, पण शिरोरेषा मात्र शेजारच्या ‘ग’च्या शिरोरेषेपेक्षा सुमारे 4 पॉइंट खाली राहिली. कागदावर छापून पाहिल्यावर तर शब्द तुटल्यासारखाच दिसतो. ही रेषा कशी जुळवावी?

शाईपुसणे

पाय तिसऱ्या ओळीवर ठेवलात हे योग्यच आहे. आता अक्षराचे सर्वांत वरचे टोक, म्हणजे वेलांटी किंवा मात्रा असल्यास तिचे टोक, पहिल्या ओळीच्या सर्वांत वरच्या टोकाला लावा. म्हणजे आकार आपोआप ठरेल.

खिळे_आणि_छाप

शाईपुसणे यांचे पायाबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, परंतु वरचे टोक धरू नये. एका प्रकरणाची सुरुवात ‘की’ने आणि दुसऱ्याची ‘मा’ने झाली, तर टोक धरल्यामुळे दोन्ही आद्याक्षरांचे आकार वेगवेगळे होतील. देवनागरीत न हलणारी वरची खूण शिरोरेषा हीच आहे. वेलांटी तिच्या वर डोकावली तरी चालते, फक्त तेवढी जागा मोकळी ठेवावी.

चूक कशामुळे होते ते पाहू. हे तंत्र रोमन कॅपिटल अक्षरांच्या उंचीवर बेतलेले आहे. आपल्या टंकातील एक अक्षर 100 पॉइंटांत लावा आणि पायापासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. मग रोमन H तसाच मोजा. काय भरते ते कळवा.

मजकूर_मांडणी (सोलापूर)

शिरोरेषेपर्यंत 62 पॉइंट आणि H 70 पॉइंट.

खिळे_आणि_छाप

मग हिशेब जुळतो. 12 पॉइंटांच्या मजकुरात H 8.4 पॉइंट उंच असतो. त्यात दोन ओळींचे 36 पॉइंट मिळवले की 44.4 होतात, आणि एवढ्या उंचीच्या H साठी अक्षर सुमारे 63 पॉइंटांचे लागते. त्या आकारात आपली शिरोरेषा 39.3 पॉइंटांवर येते. प्रत्यक्षात मात्र ती 36 अधिक 7.4, म्हणजे 43.4 पॉइंटांवर हवी. उणीव आपण पाहिलेल्या 4 पॉइंटांचीच आहे. 43.4 ला 0.62 ने भागा, आकार 70 पॉइंट येतो. मी असे अक्षर वेगळ्या चौकटीत ठेवतो, त्याचा पाय तिसऱ्या ओळीवर टेकवतो आणि भोवतीचा मजकूर Text Wrap ने सरकवतो.

पानोपानी

मी वर्डमध्ये स्मरणिका करते. तिथे ‘प्रा’ मोठा केला तर काना मागे लहानच राहतो. हा तोच दोष आहे का?

खिळे_आणि_छाप

नाही, पानोपानी ताई, तो वेगळा प्रश्न आहे. ‘प्रा’ आपल्याला एक अक्षर दिसते, पण संगणकात ती प, हलन्त, र आणि काना अशी चार चिन्हे असतात. काना निवडीत आला नाही तर तो मागेच राहणार, म्हणून पूर्ण अक्षर एकत्र निवडले गेले आहे ना, हे आधी पाहावे. इनडिझाइनमध्येही वर्णसंख्या 1 ठेवून काना सुटला, तर ती वाढवून पाहावी लागते.

मजकूर_मांडणी (सोलापूर)

70 पॉइंटांत रेषा अगदी जुळली, आपले मनापासून आभार. आता मात्र मोठ्या अक्षराची शिरोरेषा फार जाड दिसते, कारण आकाराबरोबर जाडीही जवळजवळ सहापट झाली आहे.

खिळे_आणि_छाप

त्याच कुटुंबातील हलक्या वजनाचा टंक घ्या, पण 62 हा आकडा तसाच धरू नका, त्याची उंची पुन्हा मोजा. ती 61 भरली तर आकार सुमारे 71 होईल. दोन्ही रेषांच्या वरच्या कडा जुळवायच्या, मध्य जुळवू नये, कारण वाचकाची नजर वरच्या कडेवरूनच सरकते. ‘ग’ची रेषा ‘मा’च्या रेषेला टेकू द्या, मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीसमोर दोनेक पॉइंट जागा सोडा.

मजकूर_मांडणी (सोलापूर)

शेवटच्या प्रकरणासाठी आमच्या चित्रकार ताईंनी चादरीच्या नक्षीची चौकट रेखाटून तिच्यात अक्षर बसवले आहे. तिथे काय जुळवावे?

खिळे_आणि_छाप

तिथे चौकट हेच अक्षर समजावे. तिची वरची बाहेरची कड पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला आणि खालची कड तिसऱ्या ओळीच्या पायाला लावा. आतील अक्षर जुळवण्याची गरज नाही.

शाईपुसणे

आणि प्रकरण ‘कुणी’ने सुरू झाले तर? उकार चौथ्या ओळीत घुसेल.

खिळे_आणि_छाप

घुसतो. मी चौथी ओळही आत सरकवतो, पण मग त्या पानावर आद्याक्षर चार ओळींचे वाटते. काही जण अक्षर थोडे वर उचलतात, त्यात पाय सुटतो. मला अजून दोन्हींचे समाधान नाही. शक्य असेल तेव्हा लेखकांना पहिला शब्द बदलता येतो का, असे विचारतो.

मजकूर_मांडणी (सोलापूर)

आमच्या एका प्रकरणाची सुरुवात ‘सूत’ने आहे. काकांना तो शब्द बदलायला सांगणे मला जमणार नाही. दोन्ही प्रकारे छापून पाहते आणि नमुने इथे टाकते.