अनुभव धागा: बडी व्हा म्हणून ईमेल आलं, त्यात तुम्हाला नक्की काय सांगितलं होतं?

लातूरची लेक
सोमवारी आमच्या टीममध्ये नवीन मुलगी येतेय. तिच्यासाठी जो बडी नेमलाय त्याला ईमेल लिहायला बसले आणि माझं 2011 आठवलं. लातूरहून पुण्यात, पहिलीच नोकरी. माझ्या बडीला मॅनेजरचं एका ओळीचं मेल गेलं होतं: "नवीन मुलगी येतेय, जरा बघून घे." त्याच आठवड्यात त्याचं रिलीज होतं. "दोन मिनिटांत येतो" म्हणायचा आणि अडकून पडायचा. मी चार दिवस नुसती कागदपत्रं वाचत बसले, कारण कोडचा ॲक्सेसच नव्हता. माझी विनंती मॅनेजरच्या मंजुरीसाठी पडून होती आणि त्यांना आठवण करायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चौथ्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. आज वाटतं, त्या मुलाचा काही दोष नव्हता. त्याला ना वेळ दिला होता, ना काय करायचं ते सांगितलं होतं.

म्हणून या वेळी नीट लिहिलंय. जाईल इंग्रजीतच, गाभा असा:

"बडी व्हायला तयार झालास, मनापासून आभार. ती सोमवारी साडेनऊला गेटवर येईल, घ्यायला तू जा. पहिला दिवस दोन तास तिच्यासोबत. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास, दुसऱ्यात एक दिवसाआड पंधरा मिनिटं, पुढे महिनाभर आठवड्यातून एकदा. मिळून साधारण सहा तास होतात, म्हणून या स्प्रिंटमधलं तुझं एक काम मी दुसऱ्याकडे दिलंय. पहिले तीन दिवस जेवायला तिला सोबत ने. ॲक्सेसच्या विनंत्या बुधवारपर्यंत मंजूर झाल्या नाहीत तर मला फोन कर. तिचं काम तू करून द्यायचं नाहीस. तिच्या कामाचा अहवाल मला द्यायचा नाहीस. ती तुला जे विचारेल ते तुमच्यातच राहू दे."

काही राहिलंय का? तुमचे अनुभव सांगा.

कारखान्यातला एचआर
22 वर्षं याच कामात आहे, नाशिकला. सहा तास आकड्यात लिहिलेत आणि काम कमी केलंत, हे फार थोडे लोक करतात. एक सुचवतो: हेच मेल नव्या मुलीलाही पाठवा. बडीकडून काय मागायचा हक्क आहे हे तिला ठाऊक नसेल तर ती मागणारच नाही.

दुसरं, बडीला सांगा की "सगळं ठीक ना?" असं विचारू नकोस. उत्तर "हो" च येतं. "काल कुठे अडकलीस?" असं विचारायचं. नवीन माणूस दोन दिवस एकही प्रश्न विचारत नसेल तर त्याला सगळं समजलंय असं धरू नका. आमच्याकडे एक मुलगा आठवडाभर गप्प होता. नंतर कळलं, मशीनच्या लॉगिनला पासवर्ड तीनदा चुकून खातं बंद झालेलं, आणि तो शेजारच्याच्या लॉगिनवर काम करत होता. ऑडिटला तेच सापडलं.

सिंहगड रोड
मला वाटतं बडीने मॅनेजरला सांगायलाच हवं. मी बडी होतो तेव्हा दर शुक्रवारी दोन ओळी लिहायचो. मुलाला उलट फायदा झाला, त्याला लवकर मदत मिळाली.

कारखान्यातला एचआर
@सिंहगड रोड "ॲक्सेस अजून नाही, लॅपटॉप बदलून हवा" हे जरूर सांगा. "त्याला एसक्यूएल येत नाही" हे सांगितलंत आणि त्याला ते कळलं, तर तो पुन्हा तुम्हाला काही विचारणार नाही.

सिंहगड रोड
मी दोन्ही लिहायचो. त्याने कधी तक्रार केली नाही, पण तुमचं वाचून विचार करतोय.

आर्याची आई
आमच्या शाळेतही बडी आहे! दुसरीतल्या मुलीला चौथीची ताई दिलीय, डबा एकत्र खातात. आर्या आता शाळेत जायला रडत नाही 😊 (तुमचा धागा ऑफिसचा आहे, पण राहवलं नाही.)

लातूरची लेक
@आर्याची आई अगं तेच तर हवंय, पहिला डबा कुणासोबत तरी.

श्टुटगार्टहून
इथे बडीला 'पाटे' म्हणतात, अर्थ धर्मपिता/पालक असा. 2017 ला आले तेव्हा माझ्या पाटेच्या मेलमध्ये एक ओळ होती: "पहिल्या दोन आठवड्यांत तिच्यासोबत नगरपालिकेत जा." घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ती झाली की कर क्रमांक पोस्टाने येतो. तो कंपनीला दिला नाही तर पगारातून सगळ्यात चढा कर कापतात, नंतर परत मिळतो म्हणा, पण पहिल्या महिन्यात घराची अनामत भरताना तो पैसाच हवा असतो. बाई सकाळी साडेसातला माझ्यासोबत रांगेत उभी होती. पोरगी झाली तेव्हा तिला पहिला फोन केला.

पीएफवाला नाही मी
भारतातही असं काही लिहा की. बदलून आलेल्या लोकांना यूएएन जुनाच द्यायला सांगा. एकच यूएएन असला की पैसे आपोआप नवीन खात्यात येतात.

कारखान्यातला एचआर
अर्धं बरोबर. यूएएन जुनाच द्या, नवीन काढू नका. पण जुन्या कंपनीचे पैसे आपोआप आले असं गृहीत धरू नका, पासबुक उघडून बघा. नाव, जन्मतारीख जुळत नसेल किंवा जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर अडकतं. आणि हे बडीने सोडवायचं नाही. बडीने एवढंच सांगायचं, "पगाराच्या विभागात अमक्या टेबलाला जा."

मी_मुक्ता
माझं वेगळं दुखणं. आमच्याकडे कंपनीच्या मेडिकल विम्यात आईवडिलांची नावं घालायला 30 दिवस होते. मेल आलं होतं, पहिल्या आठवड्यातल्या चाळीस मेलमध्ये गेलं. बडी छान होता, चहा पाजायचा, सिनेमाला नेलं. पण ही तारीख त्याने सांगितली नाही, त्याच्याही लक्षात नव्हती. पाचव्या महिन्यात आईची अँजिओप्लास्टी झाली. नाव पुढच्या नूतनीकरणालाच घालता येईल म्हणाले. सगळे पैसे खिशातून. लातूरताई, तुमच्या मेलमध्ये ही एक ओळ घालाच.

लातूरची लेक
@मी_मुक्ता वाचून गलबलून आलं. आई कशा आहेत आता? घातली ओळ: "20 व्या दिवशी तिला विम्यातली नावं भरलीस का ते विचार." आमची मुदत किती, ते सकाळीच विचारते.

मी_मुक्ता
बरी आहे गं. रोज तळजाईला चालायला जाते.

सिंहगड रोड
तळजाईला सकाळी गाडी लावायला जागा मिळते का हल्ली?

डेटावाली
मायक्रोसॉफ्टने 600 नव्या लोकांवर हे करून बघितलं होतं. पहिल्या 90 दिवसांत बडी एकदा तरी भेटला त्यातले 56 टक्के म्हणाले, लवकर कामाला लागायला मदत झाली. आठपेक्षा जास्त वेळा भेटला त्यांच्यात 97 टक्के. तुमच्या वेळापत्रकात दहाच्या वर भेटी होतात.

कारखान्यातला एचआर
आकडा खरा, पण ज्यांचं जमतं तेच जास्त भेटतात, हेही असेल. भेटींमुळे जमलं की जमल्यामुळे भेटी, हे त्यातून कळत नाही.

डेटावाली
मान्य. तरी मी दहा भेटीच ठेवीन.

नागपूर-पुणे रातराणी
घाईत आहे, कुकर लावलाय. माझ्या बडीला लिहिलं होतं "कँटीन दाखव". त्याने दाखवलं. कूपन आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत बुक करावं लागतं हे नाही दाखवलं. दोन दिवस बिस्किटं खाल्ली. शिट्टी झाली, जाते.

लातूरची लेक
मेल गेलं, तिलाही सीसी केलं. कूपनची ओळही घातली. बडीचं उत्तर आत्ताच आलं: "ताई, ती हिंजवडीत नवीन आहे का? मग पहिल्या दिवशी मी तिला बसस्टॉपवरूनच घेतो. गेट नंबर दोन आणि तीनमध्ये सगळेच चुकतात."