बंद घरांची देखभाल: पहिली दहा गिऱ्हाईकं कशी मिळवू?

मंडळी, मदत हवी आहे. देवगड भागात चाकरमान्यांच्या बंद घरांची देखभाल सुरू केली आहे: साफसफाई, पाण्याची टाकी धुणं, पंप चालवून बघणं, पावसाआधी कौलं तपासणं. जाहिरातीला पैसे नाहीत.

घरमालक मुंबईत आणि चावी शेजाऱ्याकडे, त्यामुळे खरा होकार शेजाऱ्याचाच लागतो हे लक्षात आलं. पहिलं काम तसंच मिळालं. चावीवाल्या काकूंना सोबत उभं करून टाकी धुतली आणि तळाचा गाळ, मग स्वच्छ टाकी, असे दोन फोटो मालकांना पाठवले. त्यांनी ते वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर टाकले, त्यातून आणखी दोन घरं आली.

आता गाडी अडली आहे. बाकीचे म्हणतात, "गणपतीत येऊ तेव्हा बघू." पण कौलं तर मे महिन्यातच बघायला हवीत ना! फुकट करून दाखवावं, तर पुढच्या वेळी पैसे मागताना जीभ अडखळते.

चावी सांभाळणाऱ्यांना प्रत्येक कामामागे काही द्यावं का? की त्याने गावात उलटीच चर्चा होईल? असा धंदा केलेल्यांनी कृपया सांगा.