मदत हवी आहे: नवा लॅपटॉप बंदच निघाला, डीओए लेटर कसं मिळवायचं? (नागपूर)

ऑनलाइन घेतलेला लॅपटॉप सुरूच होत नाही. चार्जरचा दिवा लागतो, लॅपटॉपचा नाही. दुसरं सॉकेट, पॉवर बटण दाबून धरणं, सगळं झालं. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे, बिलावरचा सिरीयल नंबर जुळतो.

विक्रेता म्हणतो, ब्रँडकडून डीओए लेटर, म्हणजे वस्तू हातात आली तेव्हाच बंद होती असं पत्र, आणा, मगच बदलून देऊ. सीताबर्डीचं सर्व्हिस सेंटर म्हणतं, लेटर देत नाही, मदरबोर्ड बदलून देतो. मी उघडू दिला नाही. एकदा दुरुस्त झाला की तो डीओए कसला! बदलीची मुदत रविवारी संपते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणारच आहे.

लेटरऐवजी नुसत्या जॉबशीटवर कोणाला बदली मिळाली का? त्यावर तंत्रज्ञाकडून नेमकं काय लिहून घ्यायचं?